‘कॉलम खराब आहे’ हे इतिवृत्त नव्हे

(बेळगावात साइट सुपरवायझरांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

खानापूर तालुक्यातल्या एका दुमजली इमारतीची पाहणी होती. तळमजल्याच्या एका कॉलमच्या पायथ्याशी काँक्रीट पोकळ राहिलेलं, खडी उघडी पडलेली. आपण त्याला हनीकोंब म्हणतो. इतिवृत्तात मी लिहिलं, ‘कॉलम खराब आहे, दुरुस्त करावा.’ ठेकेदारानं सही केली. पुढच्या आठवड्यात गेलो तर त्यावर गुळगुळीत प्लास्टर! आणि बोलायला मला तोंड नव्हतं, कारण मी लिहिलं होतं तसंच त्यानं केलं होतं.

मग पुन्हा बैठक घेतली. आधी प्लास्टर फोडायला लावलं आणि टेप लावून लिहिलं: कॉलम सी-७, उत्तरेची बाजू, जमिनीपासून १५० मिमी वर, जागा ३०० बाय २०० मिमी, खोली ४५ मिमी, दोन सळ्या उघड्या. एवढंच निरीक्षण. हे का झालं, ते निरीक्षणाच्या रकान्यात लिहायचं नाही. फळ्यांच्या सांध्यातून स्लरी गळाली की काँक्रीट उंचावरून ओतलं, यावर वाद घातला तर बैठक तिथंच संपते. आयएस ४५६ काँक्रीट साधारण दीड मीटरपेक्षा उंचावरून सोडू नका म्हणतं. ते पुढच्या कॉलमसाठी वेगळ्या मुद्द्यात लिहिलं.

दुरुस्तीच्या रकान्यात मात्र हात आखडता घ्यायचा नाही. कॉलमवर भार असतो, म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी परवानगीशिवाय आणि वर टेकू दिल्याशिवाय छिन्नी लावायची नाही, हे पहिलं वाक्य. मग सैल काँक्रीट घट्ट थर लागेपर्यंत काढायचं, कडा काटकोनात कापायच्या आणि सळीमागेही बोट जाईल एवढी जागा मोकळी करायची. तारेच्या ब्रशनं सळी साफ करून पृष्ठभाग भिजवायचा, पण पाणी साचू द्यायचं नाही. शटर बांधून मायक्रोकाँक्रीट ओतायचं. आणि सर्वांत महत्त्वाचं: फोडून झाल्यावर, भरण्याआधी, आम्हाला बोलवायचं. ही ओळ नसती तर पुन्हा प्लास्टरच दिसलं असतं.

आपल्याकडे एक अडचण वेगळी. मालक मराठी बोलतो, मेस्त्री कन्नड वाचतो, सळी बांधणारे हिंदी बोलतात. इतिवृत्त मराठीत राहिलं तर काम करणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून कामाच्या ओळी कन्नडमध्येही लिहून घेतल्या आणि कॉलमवर लाल रंगानं चौकट काढून आत ‘सी-७’ लिहिलं. रंग कुठल्याही भाषेत वाचता येतो.

शटर काढल्यावर हातोडीनं ठोकून पाहिलं. मध्ये खणखणीत, डाव्या कोपऱ्यात भदभद. ठेकेदार म्हणाला, “साहेब, एवढंसं चालतंय की.” मी मुद्दा ‘अपूर्ण’ ठेवला, त्या कोपऱ्याचं माप लिहिलं आणि वही त्याच्यापुढे सरकवली. थोडं कुरकुरून त्यानं सही केली.