मलपृष्ठावरचा पांढरा चौकोन

पुस्तकाच्या मागच्या कव्हरावर काय लिहावं, हा आजचा विषय. पण आधी माझी एक जुनी जखम दाखवतो. माझ्या पहिल्या कथासंग्रहाच्या मलपृष्ठावर मी ब्लर्ब लिहिला, खाली स्वतःचा परिचय लिहिला, दोन्ही अगदी कडेपर्यंत. बारकोड मुद्रकानं शेवटी टाकला, उजव्या कोपऱ्यात, पांढऱ्या चौकोनासकट. त्या चौकोनानं परिचयाच्या शेवटच्या ओळींची उजवी टोकं गिळली. मूळ वाक्य होतं, ‘लेखक गेली वीस वर्षे व्यसनमुक्तीच्या कामात सक्रिय आहेत.’ छापून आलं, ‘लेखक गेली वीस वर्षे व्यसन’ आणि खालच्या ओळीत, ‘सक्रिय आहेत.’ हसा, हसा. पाचशे प्रती होत्या! बायकोनं आणि मी दोन रात्री बसून स्टिकर चिकटवले. सासरेबुवांना आधीच पाठवलेली प्रत मात्र राहिली ती राहिलीच.

दुसऱ्या आवृत्तीत मी शहाणा झालो, म्हणजे जास्तच. मजकूर बारकोडला अगदी चिकटवला. दादरच्या एका दुकानात काउंटरवरचा मुलगा स्कॅनर फिरवतोय, पीं काही वाजेना. बिचारा तेरा आकडे हातानं टाइप करत बसला. काळ्या रेघांच्या दोन्ही बाजूंची कोरी जागा हा बारकोडचाच भाग असतो, रेघा कुठे सुरू होतात ते स्कॅनरला तिच्यावरूनच कळतं. ती मी खाल्ली होती. (मागून कोणीतरी लाल बारकोडचं विचारतंय. नको! पुष्कळ स्कॅनरचा प्रकाशच लाल, त्याला लाल रेघा पांढऱ्याच दिसतात.)

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. तर मुद्दा. आधी चौकोन आखा, मग लिहा. कव्हर १४० मिलिमीटर रुंद धरा. दोन्हीकडे बारा-बारा सोडले की ११६ उरतात. पूर्ण आकाराचा बारकोड कोऱ्या जागेसह साधारण ३७ बाय २६ असतो, म्हणून चौकोन ४२ बाय ३०. मध्ये पाचाची फट. डावीकडे ६९ मिलिमीटर राहिले, तीच परिचयाची जागा. दहा पॉइंटात तिथे सहा ओळी, ओळीला सातेक शब्द, म्हणजे चाळीस. फोटो हवा असेल तर पंचवीस.

मग जन्मगाव, शिक्षण, पुरस्कार सगळं गळतं आणि राहतं ते एवढंच: ‘व्यसनमुक्ती केंद्रात वीस वर्षे समुपदेशक. या कथांतली माणसं तिथल्या बाकांवर भेटली.’ ब्लर्बला वरची पूर्ण रुंदी मिळते. तो मात्र गोष्ट जिथे वळते त्याच्या आधी थांबवा, आणि ‘वाचकांना खिळवून ठेवणारी’ हे वाचकाला ठरवू द्या.

छपाईआधी मूळ आकारातली प्रिंट काढा, ओळखीच्या दुकानात न्या, स्कॅनरखाली धरा. पीं वाजलं आणि पडद्यावर तेच तेरा आकडे आले, तरच फाइल मुद्रकाकडे पाठवा.