रोखे घेतल्याने व्याज कसं उतरतं?

श्रोतेहो, नमस्कार.

१८ मार्च २००९, बुधवार. मुंबईत रात्रीचे पावणेबारा झाले होते आणि वॉशिंग्टनमध्ये दुपारचे सव्वादोन. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं, म्हणजे फेडरल रिझर्व्हनं, त्या सुमाराला एक निवेदन काढलं. येत्या सहा महिन्यांत आम्ही सरकारचे ३०० अब्ज डॉलरचे दीर्घ मुदतीचे रोखे बाजारातून विकत घेऊ, असं त्यात होतं. शिवाय गृहकर्जांवर आधारलेले आणखी ७५० अब्ज डॉलरचे रोखेही घेऊ. निवेदनाआधी दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावर साधारण ३ टक्के परतावा मिळत होता. बाजार बंद झाला तेव्हा तो अडीच टक्क्यांवर आला होता. जिथे रोजचे चढउतार टक्क्याच्या शतांशात मोजतात, तिथे एका दुपारीत अर्धा टक्का गेला.

गंमत म्हणजे त्या दिवशी या नव्या सरकारी रोख्यांपैकी एकही फेडनं घेतलेला नव्हता. पहिली खरेदी पुढच्या आठवड्यात झाली, तीही साडेसात अब्ज डॉलरची. मग व्याज नेमकं कशानं उतरलं? आज आपण त्याच प्रश्नाच्या मागे जाणार आहोत. या उपायाला इंग्रजीत ‘क्वांटिटेटिव्ह ईझिंग’ म्हणतात, रोखेबाजारातली माणसं नुसतं ‘क्यूई’ म्हणतात. आपण सरळ रोखेखरेदी म्हणू.

ही वेळ का आली, ते आधी थोडक्यात. एरवी मध्यवर्ती बँक व्याजदर हलवते तो एका रात्रीच्या उधारीचा. बँका एकमेकींना रात्रीपुरते पैसे देतात, त्याचा. डिसेंबर २००८ मध्ये फेडनं तो शून्य ते पाव टक्क्यावर आणून ठेवला होता. त्याखाली जागाच उरली नव्हती. पण घर घेणारा माणूस किंवा कारखाना उभारणारी कंपनी एका रात्रीसाठी कर्ज काढत नाही. त्यांना दहा, वीस, तीस वर्षांचा दर लागतो, आणि तो अजून चांगलाच वर होता. तेव्हा फेडनं ठरवलं की थेट त्या लांबच्या दरालाच हात घालायचा.

आता रोख्याचं गणित. कागद-पेन्सिल नको, नुसतं ऐका. समजा तुमच्याकडे १०० डॉलरचा रोखा आहे. तो दरवर्षी ३ डॉलर देतो आणि दहा वर्षांनी तुमचे १०० परत करतो. हे आकडे रोख्यावर छापलेले, ते बदलत नाहीत. बदलते ती बाजारातली किंमत. उद्या कुणी तुम्हाला त्याचे १०४ डॉलर ३८ सेंट देऊ केले आणि तुम्ही विकलात, तर घेणाऱ्याला काय मिळेल? वर्षाला तेच ३ डॉलर. पण शेवटी त्याच्या हातात १०० च येणार, म्हणजे वरचे चार डॉलर अडतीस सेंट दहा वर्षांत बुडणार. वर्षाला साधारण ४४ सेंट. तीनातून ते वजा करा, आणि त्यानं घातलेल्या पैशावर अडीच टक्के पडतात. किंमत वर गेली की परतावा खाली जातो तो असा. ‘व्याज उतरलं’ आणि ‘रोखा महागला’ ही एकच बातमी आहे.

म्हणजे मोठा गिऱ्हाईक बाजारात उतरला की किंमत वाढते. आणि उतरणार असं कळलं, तरी वाढते. नाफेड कांदा घेणार अशी बातमी आली की लासलगावच्या बाजार समितीत सगळे भावाकडे डोळे लावून बसतात, तसंच काहीसं. आठवड्यानं चढा भाव मिळणार असेल तर आज कोण स्वस्तात विकेल? नाफेडच्या खरेदीनं भाव खरंच किती हलतो यावर शेतकरी आणि व्यापारी यांचं एकमत होणार नाही, हे मला ठाऊक आहे. शेतकरी म्हणतो, आवक एवढी प्रचंड आणि तुमची खरेदी चिमूटभर. हीच शंका रोखेखरेदीलाही लागू पडते. म्हणून तर फेडनं आकडा एवढा मोठा जाहीर केला.

इथे एक गैरसमज बाजूला करू. याला सर्रास ‘नोटा छापणं’ म्हणतात. फेडनं रोखे घेतले तेव्हा ट्रकभर नोटा कुठे गेल्या नाहीत. न्यूयॉर्कच्या फेडमधलं खरेदी-विक्रीचं खातं ठरावीक मोठ्या दलालांकडून भाव मागवतं, त्यातले परवडणारे स्वीकारतं, आणि दलालाच्या बँकेचं जे खातं फेडकडे असतं त्यात तेवढी रक्कम जमा दाखवतं. विकणाऱ्याकडचा दहा वर्षांचा रोखा गेला, आणि त्या जागी बँकेत शिल्लक आली. तो श्रीमंत झाला असं नाही. त्याच्याकडच्या संपत्तीची मुदत बदलली, दहा वर्षांची एका रात्रीची झाली.

सगळी मेख या अदलाबदलीत आहे. विकणारा कोण, ते पाहा. समजा एक पेन्शन फंड आहे. त्याला वीस वर्षांनी लोकांना पेन्शन द्यायची आहे. जवळजवळ शून्य व्याजाची शिल्लक घेऊन तो बसणार नाही. तो पुन्हा लांब मुदतीचंच काहीतरी शोधतो. पण सरकारी रोखे आता बाजारात कमी झालेत, कारण ते फेडच्या कपाटात जाऊन बसलेत. मग तो चांगल्या कंपन्यांचे रोखे घेतो, त्यांची किंमत वाढते, त्यांचा परतावा उतरतो. आणि पुढच्या महिन्यात एखादी कंपनी नवं कर्ज उभारायला येते तेव्हा तिला ते स्वस्त पडतं. धक्का असा एका रोख्याकडून दुसऱ्याकडे सरकत जातो.

लांबच्या दराचे ढोबळमानाने दोन भाग असतात. एक, पुढच्या दहा वर्षांत रात्रीचा दर सरासरी किती राहील याचा अंदाज. दुसरा, एवढा काळ पैसे अडकवण्याची जोखीम घेतल्याबद्दलचा मोबदला. मधेच दर वाढले तर रोख्याची किंमत पडेल ही भीती कुणीतरी वाहायची असते, त्याची ही मजुरी म्हणा. फेडनं रोखे आपल्याकडे घेतले की ते ओझंही फेडकडे गेलं. बाजाराच्या डोक्यावर कमी उरलं, म्हणून मजुरीही कमी झाली. पहिल्या भागावरही परिणाम होतो, पण तो इशाऱ्यामुळे. एवढी मोठी खरेदी करणारी बँक लगेच दर वाढवणार नाही, असं बाजार धरून चालतो.

हे सगळं चालतं, कारण पेन्शन फंडासारख्या मंडळींना ठरावीक मुदतच हवी असते. कुणालाच मुदतीचं काही वाटत नसतं तर अदलाबदल करून किंमत हलली नसती. फेडचे तेव्हाचे प्रमुख बेन बर्नान्के पुढे जानेवारी २०१४ मध्ये मिश्कीलपणे म्हणाले होते की, हा उपाय व्यवहारात चालतो, अडचण एवढीच की सिद्धांतात चालत नाही.

आता घरांकडे येऊ, कारण परिणाम सगळ्यात स्पष्ट दिसला तो तिथे. गृहकर्जांच्या रोख्यांच्या खरेदीची पहिली घोषणा नोव्हेंबर २००८ च्या शेवटी झाली होती. तेव्हा तीस वर्षांच्या गृहकर्जाचा दर ६ टक्क्यांच्या आसपास होता. जानेवारीच्या मध्यापर्यंत तो ५ वर आला. दोन लाख डॉलरच्या कर्जाचा हप्ता सहा टक्क्यांनी महिना साधारण १,२०० डॉलर बसतो, पाच टक्क्यांनी १,०७५. महिन्याला सव्वाशे डॉलर वाचले. जुनं कर्ज फेडून नवं स्वस्त कर्ज काढायला लोकांनी बँकांकडे धाव घेतली.

सगळ्यांना मात्र ते जमलं नाही. एखाद्यानं अडीच लाखांचं घर दोन लाखांचं कर्ज काढून घेतलंय, आणि मंदीत घराची किंमत एक लाख ऐंशी हजारांवर आली. आता दर पाच असो की चार, नवी बँक त्याला दोन लाख देणार नाही, कारण तारणच कमी पडतंय. ज्याला सवलतीची गरज सगळ्यात जास्त, नेमका तोच दाराबाहेर राहिला. रोखेखरेदी कर्जाचा दर उतरवू शकते, कर्जदाराची पत वाढवू शकत नाही. माझ्या मते या उपायाची ही मोठी मर्यादा आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

दुसरी गंमत अशी की जून २००९ मध्ये तोच दहा वर्षांचा दर ४ टक्क्यांच्या जवळ गेला. खरेदी तर चालूच होती. मग उपाय फसला का? तसं लगेच म्हणता येत नाही. मंदी ओसरतेय असं वाटू लागलं, लोक सुरक्षित रोखे सोडून शेअरकडे वळले, सरकारही धडाधड कर्ज उभारत होतं. खरेदी नसती तर दर कुठे असता, हे कुणाला दिसत नाही. म्हणून अभ्यासक घोषणेच्या आगेमागे एखाद्या दिवसाची खिडकी धरतात आणि तेवढ्यातली हालचाल मोजतात. न्यूयॉर्क फेडच्याच अर्थतज्ज्ञांनी पहिल्या फेरीतल्या घोषणा तपासून मुदतीचा मोबदला ०.३ ते १ टक्क्यानं उतरल्याचं सांगितलं. हे अंतर केवढं मोठं आहे ते लक्षात घ्या. आणि मध्यवर्ती बँकांच्या पगारी अर्थतज्ज्ञांना हा परिणाम विद्यापीठांतल्या अभ्यासकांपेक्षा मोठा दिसतो, हेही पुढे एका अभ्यासात मोजून दाखवलं गेलं. आपल्याच स्वयंपाकाला कोण नावं ठेवतो?

आपल्याकडे काय झालं? ७ एप्रिल २०२१ ला रिझर्व्ह बँकेनं ‘जी-सॅप’ नावाची योजना जाहीर केली. तीन महिन्यांत एक लाख कोटी रुपयांचे सरकारी रोखे घेऊ, असं आधीच आकडा सांगून. १५ एप्रिलला पहिले २५ हजार कोटींचे घेतलेही. पद्धत बरीचशी तीच, पण एक फरक तुमच्या-माझ्या खिशाशी येऊन थांबतो. अमेरिकेत घराचं कर्ज बहुतेक तीस वर्षांसाठी एकाच दरानं मिळतं, म्हणून तिथे लांबचा दर उतरला की तो थेट घरापर्यंत पोचतो. आपल्याकडे ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं बहुतेक रेपो दराला बांधलेली आहेत, म्हणजे त्या छोट्या मुदतीच्या दरालाच. त्यामुळे फोर्टमधल्या त्या उंच इमारतीतून रिझर्व्ह बँक दहा वर्षांचे रोखे घेते तेव्हा त्याचा फायदा आधी केंद्र सरकारला होतो, मग राज्य सरकारांना आणि रोखे काढणाऱ्या मोठ्या कंपन्यांना. ठाण्यातल्या दोन खोल्यांच्या हप्त्याची तारीखही तीच राहते आणि रक्कमही.

नमस्कार.