हातउसन्या पैशांचा दावा: पहिल्या कागदापासून निकालापर्यंत

मंडळी, आज एकच दावा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू. आपण एक कल्पित उदाहरण घेऊ. जून 2022 मध्ये सखारामने मावसभाऊ दत्तूला दोन लाख रुपये हातउसने दिले, बँकेतून. दत्तू परत देईना.

असा दावा पैसे दिल्यापासून 3 वर्षांच्या आत लावावा लागतो. नात्यापोटी थांबून लोक ही मुदत घालवतात, मग खरा दावाही बुडतो. सखाराम 2024 मध्येच वकिलाकडे गेला. वादपत्र तयार झालं: कोणी, कोणाला, कधी, किती दिले आणि कोर्टाकडे काय मागणं आहे. त्याला बँकेचा उतारा जोडला, कोर्ट फी भरली. आता सखाराम वादी, दत्तू प्रतिवादी.

बेलिफ समन्स घेऊन दत्तूच्या दारी गेला. ‘समन्स घेतलंच नाही तर केस चालत नाही’ असं पारावर सांगतात. ते खोटं आहे. घ्यायला नकार दिला तरी कोर्ट समन्स बजावलं असं धरू शकतं आणि दावा एकतर्फी चालतो.

समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायचं. कोर्ट ही मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवू शकतं. दत्तूने लिहिलं, ‘पैसे घेतले होते, पण दिवाळीत रोख परत केले.’ या एका वाक्याने दाव्याचं तोंडच फिरलं. घेतल्याचं कबूल झालं, म्हणजे ते आता सखारामने सिद्ध करायची गरज उरली नाही. कैफियतीत जे नीट नाकारलेलं नसतं, तेही कबूल धरलं जाऊ शकतं. म्हणून वादपत्राच्या प्रत्येक परिच्छेदाला उत्तर द्यायचं असतं.

मग न्यायाधीश मुद्दे काढतात. इथे खरा मुद्दा उरला एकच: प्रतिवादीने पैसे परत केल्याचं तो सिद्ध करतो का? ओझं दत्तूवर. कोण लबाड, कोणी लग्नात अपमान केला, याला इथे जागा नाही. मधल्या काळात कोर्ट दोघांना मध्यस्थीकडे किंवा लोकअदालतीतही पाठवू शकतं.

पुढे पुरावा. सरतपास, म्हणजे साक्षीदाराने आपल्या बाजूने सांगणं, प्रतिज्ञापत्रावर होतो, उलटतपास समोरचा वकील घेतो. दत्तूला विचारलं, ‘पावती घेतली?’ ‘नाही.’ ‘साक्षीदार?’ ‘घरातलेच होते.’ ‘नोटा कुठून आणल्या?’ इथे तो अडखळला. वर्षं जातात ती बहुतेक याच टप्प्यावर: साक्षीदार गैरहजर, वकील दुसऱ्या कोर्टात, पुढची तारीख.

शेवटी युक्तिवाद आणि निकाल. निकालपत्रात मुद्द्यापुढे उत्तर असतं, ‘नकारार्थी’, आणि खाली त्याची कारणं. त्यावरून हुकूमनामा निघतो: दत्तूने दोन लाख रुपये व्याजासह द्यावेत. नाराज असेल तर त्याला जिल्हा न्यायालयात 30 दिवसांत अपील करता येतं. आणि हुकूमनामा हाती आला तरी दत्तूने पैसे दिलेच नाहीत, तर सखारामला पुन्हा त्याच कोर्टात दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी करून मागणारा अर्ज, लावावी लागते. तिला मुदत 12 वर्षांची.