टक्क्यांचा आकडा आणि व्होल्टचा आकडा

मंडळी, विषय तुम्हाला माहीत आहे. बॅटरीत भरपूर चार्ज दिसत असताना लॅपटॉप अचानक बंद का पडतो? संयोजकांनी सांगितलंय की सगळी कारणं सांगा, आणि मी ती सांगणारच आहे. पण त्याआधी एका गोष्टीबद्दल मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण ती न कळल्यामुळे लोकांचे धडधाकट लॅपटॉप मोडीत जातात. ती गोष्ट म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातला टक्क्यांचा आकडा. हात वर करा बघू, हा आकडा मोजलेला असतो असं किती जणांना वाटतं? बघा, जवळजवळ सगळे हात वर आहेत.

तो मोजलेला नसतो. बॅटरीत किती चार्ज उरलाय हे थेट मोजणारं कुठलंही साधन लॅपटॉपमध्ये नसतं. बॅटरीच्या आत एक छोटी चिप असते. तिला तीनच गोष्टी कळतात: व्होल्टेज, वाहणारा विद्युतप्रवाह आणि तापमान. आत किती प्रवाह गेला, बाहेर किती आला, याची ती सतत बेरीज-वजाबाकी करते. म्हणजे दुकानदार रोज वही लिहितो, पण गल्ला उघडून नोटा कधी मोजत नाही, तसं. वहीत लिहायचं थोडंथोडं राहून जातं आणि चूक साठत जाते. बॅटरी पूर्ण भरली किंवा पूर्ण संपली, की या दोन टोकांना चिपला आपला हिशेब पडताळता येतो. आता सांगा, तुमच्यापैकी किती जण लॅपटॉप पूर्ण संपू देतात? दिवसभर चार्जर लावलेला असतो. त्यामुळे खालचं टोक चिपला महिनोन्‌महिने दिसतच नाही.

मग व्होल्टेजवरून का नाही ओळखत, असं कोणी विचारेल. चांगला प्रश्न आहे. लिथियम-आयन सेल पूर्ण भरलेला असताना ४.२ व्होल्ट दाखवतो आणि ३ व्होल्टच्या आसपास तो संपला असं धरतात. पण मधल्या पट्ट्यात, साधारण सत्तर टक्क्यांपासून तीस टक्क्यांपर्यंत, व्होल्टेज फारसं हलतच नाही. तिथे व्होल्टच्या शंभराव्या भागातल्या दोन-तीन घरांची चूक झाली तरी टक्के पाच-दहाने चुकतात. म्हणून चिप वहीवर विसंबते.

आता एक खरी केस सांगतो. आमच्या ओळखीच्या एक बाई भाषांतराचं काम करतात. लॅपटॉप चारेक वर्षांचा. दोन तास टायपिंग केलं तरी काही होत नसे. पण व्हिडिओ कॉल सुरू करून पडदा शेअर केला, की काळोख. बॅटरी ४३ टक्के. ना इशारा, ना ‘बॅटरी कमी आहे’ची पाटी. चार्जर न लावता पुन्हा सुरू केला तर ४२ टक्के दाखवायचा आणि पुढे तासभर टायपिंगला बिनतक्रार चालायचा. त्यांनी दुरुस्तीला दिला. आधी विंडोज नव्याने टाकलं गेलं. कॉलवर पुन्हा काळोख. मग सांगण्यात आलं, मदरबोर्ड गेलाय, बदलावा लागेल. मला खरा राग इथे येतो. व्होल्टमीटर सोडा, एक साधा रिपोर्टसुद्धा कोणी काढून पाहिला नव्हता. बाई नवा लॅपटॉप घ्यायला निघाल्या होत्या!

आम्ही काय केलं ते क्रमाने सांगतो. पहिली गोष्ट, चार्जर लावून तोच कॉल, तोच पडदा शेअर, तासभर चालवला. काही झालं नाही. ही एवढी एक चाचणी केली तरी निम्मं निदान होतं. प्रोसेसर तापून बंद पडत असता, तर तो चार्जरवरही बंद पडला असता.

दुसरी गोष्ट, विंडोजमध्ये ही कमांड दिली:

```
powercfg /batteryreport
```

यातून एक फाइल तयार होते. तिच्यात DESIGN CAPACITY ही नव्या बॅटरीची क्षमता आणि FULL CHARGE CAPACITY ही आजची. त्यांच्या रिपोर्टात ४५,००० आणि ३१,००० मिलिवॅट-तास होते. म्हणजे बॅटरी थकलेली, पण मेलेली नाही. आणि नेमकी इथेच फसगत होते. किती मावतं हे या आकड्यावरून कळतं. किती वेगाने देता येतं, ते कळत नाही.

म्हणून तिसरी गोष्ट. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, चार्जर काढला आणि व्होल्टेजवर नजर ठेवली:

```
watch -n 1 cat /sys/class/power_supply/BAT0/voltage_now
```

काही लॅपटॉपमध्ये BAT0 ऐवजी BAT1 असतं. आकडा मायक्रोव्होल्टमध्ये येतो, त्याला दहा लाखांनी भागायचं. नुसता पडदा उघडा असताना साडेदहा व्होल्टच्या थोडं वर. मग प्रोसेसरला जड काम दिलं. आकडा धाडकन नवाच्या घरात आला, क्षणभर तिथे घुटमळला आणि पडदा काळा. आम्ही सगळे एकदम ओरडलो. चोर पकडला होता.

त्याचं गणित फळ्यावर करू, सोपं आहे. या बॅटरीत तीन सेल एकापुढे एक जोडलेले. ४० टक्क्यांच्या आसपास विश्रांतीत प्रत्येकी ३.७, म्हणजे एकूण ११.१ व्होल्ट. प्रत्येक सेलला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. बॅटरी जुनी होते तसा तो वाढतो. नव्या बॅटरीचा एकूण रोध समजा ०.१५ ओहम आणि या जुनीचा ०.५ ओहम. टायपिंगला १० वॅट लागतात, म्हणजे एक अँपिअरहूनही कमी. जुन्या बॅटरीतही अर्धा व्होल्टच गळतो, हाती १०.६ उरतात. ठीक चाललंय. आता कॉल, कॅमेरा, पडदा शेअर: ४० वॅट. आणि इथे एक चक्र सुरू होतं. लॅपटॉपला वॅट हवेत ते हवेतच. व्होल्टेज पडलं की तेवढेच वॅट मिळवायला तो जास्त अँपिअर ओढतो. जास्त अँपिअर म्हणजे रोधात जास्त गळती, म्हणजे व्होल्टेज आणखी खाली. नव्या बॅटरीत ही घसरण साडेदहा व्होल्टला थांबते. जुनीत हिशेब ८.८ वर येतो. तीन सेलची लक्ष्मणरेषा ९. ती ओलांडली की वीज तुटते. विंडोजला फाइल जतन करायलाही वेळ मिळत नाही.

बंद पडल्यावर प्रवाह शून्य, गळती शून्य, व्होल्टेज पुन्हा अकरावर. म्हणून परत सुरू केल्यावर ४२ टक्के. आणि ते ४२ टक्के खरेच होते! चार्ज आत होता, फक्त तेवढ्या घाईने बाहेर येत नव्हता.

जाता जाता एक आठवण करून देतो. हेच दुखणं फोनमध्ये जगभर गाजलं. २०१६च्या अखेरीस आयफोन चार्ज असताना अचानक बंद पडू लागले. २०१७च्या सुरुवातीला अ‍ॅपलने आयओएस १०.२.१ मधून जुन्या बॅटरीच्या फोनचा प्रोसेसर गरजेच्या वेळी हळू केला, म्हणजे विजेची मागणी अचानक उसळू नये. ग्राहकांना हे नीट सांगितलं नव्हतं, म्हणून गदारोळ झाला आणि डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर माफी मागून बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणावा लागला. लपवाछपवी वाईटच. पण त्यामागचं निदान अचूक होतं, आणि तोच उपाय तुम्हालाही करता येतो. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये Maximum processor state हा पर्याय दिसत असेल, तर बॅटरीसाठी तो ९९ टक्के करा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये प्रोसेसरची उसळी त्याने थांबते. बाईंनी नवी बॅटरी येईपर्यंत असंच काम चालवलं. बॅटरी बदलल्यावर लॅपटॉप ठणठणीत आहे. मदरबोर्ड तोच.

संयोजक घड्याळ दाखवताहेत. पाचच मिनिटं आहेत म्हणतात, तेव्हा उरलेली कारणं भराभर सांगतो.

पुन्हा सुरू केल्यावर ४३चे एकदम ५ टक्के दिसले, तर रोग वेगळा. तिथे वही चुकलेली आहे, चार्ज खरंच संपला होता. उपाय: पूर्ण चार्ज करा, एक-दोन तास तसाच ठेवा, मग हलक्या कामावर आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, काही तास थांबा आणि न तोडता पुन्हा पूर्ण भरा. वहीची चूक याने सुटते. रोध मात्र याने तसूभरही कमी होत नाही, त्यामुळे दर आठवड्याला हे करत बसू नका, बॅटरी उगाच झिजते.

तिसरं कारण, तीनपैकी एकच सेल कमजोर. दोन सेल ३.७वर आणि तिसरा ढासळलेला असेल, तरी एकूण आकडा बरा दिसतो. पण संरक्षक सर्किट प्रत्येक सेलवर वेगळी नजर ठेवतं आणि एकासाठी सगळी बॅटरी तोडतं. हे बाहेरून नेमकं ओळखणं अवघड. उपाय मात्र तोच, बॅटरी बदलणे.

चौथं, थंडी. गारठलेल्या सेलचा रोध वाढतो. उबेत आल्यावर त्रास थांबला तर समजून जा. पाचवं, बॅटरीचा सैल झालेला कनेक्टर. लॅपटॉप उचलताना किंवा कोपरा दाबला जाताना बंद पडतो, मग काम हलकं असो की जड. आणि चार्जरवरही बंद पडत असेल, तर पंखा, धूळ, उष्णता, आणि मग कुठे मदरबोर्डचा विचार.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये पुढच्या वेळी सुरू करताना Kernel-Power 41 अशी नोंद दिसते. तिचा अर्थ एवढाच, की यंत्र रीतसर बंद झालं नव्हतं. कारण तिच्यात नसतं, म्हणून तेवढ्यावरून कोणी मदरबोर्ड बदला म्हणालं, तर चार्जरवरची चाचणी केली का, हे आधी विचारा.

शेवटचं, आणि हे घाईत ऐकू नका. टचपॅड वर उचललं गेलंय, कीबोर्ड मधून फुगलाय, झाकण नीट बसत नाही, असं दिसलं तर वरची एकही चाचणी करायची नाही. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, दाबून बसवायला जाऊ नका, टोचू नका. ती बॅटरी जाणकाराकडून काढून घ्या.