सेल्फ मारताना व्होल्ट गेले कुठे?

(कोथरूडमधल्या एका सोसायटीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मल्टिमीटर कुणाकुणाकडे आहे, असं विचारलं तर मागच्या रांगेत तीन हात वर आले. त्यातल्या एकानं शेवटचा वापर रिमोटचे सेल तपासायला केला होता. चालेल, मीटर तोच, फक्त नॉब डीसी २० व्होल्टवर न्यायचा. लाल वायर V लिहिलेल्या भोकातच हवी. ती चुकून 10A च्या भोकात राहिली आणि तुम्ही टोकं बॅटरीला लावली, तर मीटरमधून सरळ शॉर्ट होतो. फ्यूज उडाला तर नशीब समजा.

आता आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांची गोष्ट. गाडी छोटी हॅचबॅक, बॅटरी चार वर्षांची. डिसेंबरातल्या एका सकाळी चावी फिरवली तर नुसतं टक्-टक्. दुकानदारानं फोनवरच निकाल दिला, बॅटरी गेली, नवी घ्या. काका पैसे काढायला निघाले होते, मी म्हटलं, दहा मिनिटं थांबा.

गाडी रात्रभर उभी होती, ते बरं झालं. कारण नुकतीच स्वारगेटहून आलेली गाडी १२.९ सुद्धा दाखवते. तो आकडा फसवा असतो, चार्जिंगचा वरवरचा ताण प्लेट्सवर राहिलेला असतो. थांबायला वेळ नसेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा. १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १०.५ च्या आसपास दिसलं तर सहापैकी एक सेल मेला असण्याची दाट शक्यता.

काकांच्या बॅटरीनं १२.५५ दाखवले. म्हणजे चार्ज होता. पण चार्ज असणं वेगळं आणि तब्येत असणं वेगळं. मीटर बॅटरीतून जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. स्टार्टर शे-दीडशे अँपिअर, कधी त्याहून जास्त ओढतो. गच्चीवरची टाकी भरलेली आहे एवढं कळलं, नळाला धार किती येईल ते कळायचं होतं.

मग गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि फ्युएल पंपाचा फ्यूज काढलेला, म्हणजे इंजिन सुरू न होता दोन-तीन सेकंद नीट सेल्फ मारता येतो. मी टोकं वायरच्या क्लॅम्पवर टेकवली आणि काकांना चावी फिरवायला सांगितली. आकडा ८.१ वर आला. इथं बहुतेक जण निकाल लावून मोकळे होतात, कारण ९.६ च्या खाली म्हणजे खराब, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं.

ते ९.६ मुळात लोड टेस्टमधलं आहे. बॅटरीचं सीसीए रेटिंग, म्हणजे कडाक्याच्या थंडीत ती किती अँपिअर देऊ शकते तो आकडा, त्याच्या निम्मा करंट पंधरा सेकंद ओढायचा, साधारण २१ अंश तापमानाला, आणि तरी ९.६ च्या वर राहायला हवं. थंडीत, दहा अंशांना, ९.४ चालतं. साध्या सेल्फला तेवढा भार सहसा पडत नाही, म्हणून चांगली बॅटरी दहाच्या वरच राहायला हवी.

पण ८.१ मोजलं कुठे? क्लॅम्पवर. मी टोकं सरकवून थेट शिशाच्या खुंटीवर रोवली आणि पुन्हा सेल्फ मारायला लावला. आता १०.९! बॅटरी १०.९ देत होती आणि बोटभर अंतरावरच्या क्लॅम्पला ८.१ च पोचत होते. २.८ व्होल्ट मध्येच गडप. खात्रीसाठी एक टोक प्लसच्या खुंटीवर, दुसरं त्याच्याच क्लॅम्पवर ठेवून सेल्फ मारला. चांगल्या सांध्यावर तिथं ०.१-०.२ पेक्षा जास्त दिसू नये, इथं २.६ दिसले. उरलेले मायनसच्या बाजूला.

क्लॅम्प काढला तर आत पांढरट-हिरवट क्षारांचा थर, वरून मात्र ग्रीस लावून चकाचक. (काढताना आधी मायनस, बसवताना मायनस शेवटी.) कोमट पाण्यात खायचा सोडा, तारेचा ब्रश, वाळवून घट्ट आवळलं. पुन्हा मोजलं तर क्लॅम्पवर १०.३, खुंटीवर १०.४.

खुंटीवरचा आकडा १०.९ वरून १०.४ झाला म्हणून काका घाबरले. पण सांधा खराब असताना स्टार्टरला पुरेसा करंटच मिळत नव्हता, म्हणून बॅटरीवर भारही कमी होता. आता तो पोटभर ओढतोय.

एक खोट लक्षात ठेवा. साधा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, चावी फिरवताक्षणी येणारी सर्वांत खोल बुडी त्याला दिसत नाही. ती पाहायची तर MIN/MAX बटण असलेला मीटर लागतो. आणि विश्रांतीचा आकडा १२.४ च्या खाली असेल तर आधी बॅटरी चार्ज करा, मगच सेल्फ मारून मोजा. उपाशी बॅटरीही खुंटीवर ८ दाखवते. भरून, रात्रभर ठेवून, स्वच्छ खुंटीवर पुन्हा ९ च्या खाली गेली, तर मात्र दुकानदाराचं खरं होतं.