करडा चौकोन आणि खोटे पट्टे

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आज मी एकच कापड घेऊन आलो आहे. त्यावर उभे पट्टे आहेत, प्रत्येक एक पिक्सेल रुंद: काळा, पांढरा, काळा, पांढरा. काळा म्हणजे 0, पांढरा म्हणजे 1. या कापडाचा फोटो आपण चारपट लहान केला. प्रत्येक चार पिक्सेलांची सरासरी 0.5 आली, म्हणजे लहान चित्रात नुसता करडा रंग उरला. आता सुपर-रिझोल्यूशन मॉडेलला, म्हणजे लहान चित्र मोठं करून हरवलेले तपशील भरणाऱ्या मॉडेलला सांगायचं, यातून मूळ कापड परत काढ.

समजा, पट्टे आहेत हे मॉडेलला आजूबाजूवरून कळलं. तरी सुरुवात काळ्यापासून होती की पांढऱ्यापासून, हे कळायला मार्ग नाही. दोन्ही शक्यता सारख्याच. मॉडेलने पट्टे काढले तर निम्म्या वेळा ते तंतोतंत जुळतील आणि चूक शून्य. निम्म्या वेळा प्रत्येक पिक्सेल उलटा पडेल आणि चूक 1. वर्गचुकीची सरासरी झाली 0.5. आता त्याने सरळ करडा रंग भरला, तर प्रत्येक पिक्सेल 0.5 ने चुकतो, त्याचा वर्ग 0.25. म्हणजे ज्या चित्रात कापडच नाही, त्याला पिक्सेल लॉस, म्हणजे पिक्सेलागणिक चूक मोजून मॉडेलला शिकवणारं माप, निम्मीच शिक्षा देतो! पीएसएनआर हे माप चूक कमी तितका आकडा जास्त देतं; त्याच्या भाषेत हा सुमारे 3 डेसिबलचा फायदा आहे. सुपर-रिझोल्यूशनची चित्रं धूसर का दिसतात, याचं उत्तर इथे आहे. मॉडेल कमकुवत नसतं. आपण मागितलेली सरासरी ते प्रामाणिकपणे देतं. वर्गाऐवजी नुसता फरक मोजला, म्हणजे एल-1 लॉस वापरला, तर या उदाहरणात दोघांची चूक 0.5 अशी बरोबरीत सुटते. पट्ट्यांच्या बाजूने कौल तेव्हाही लागत नाही.

परसेप्च्युअल लॉस तुलनेची जागाच बदलतो. मॉडेलचं चित्र आणि मूळ चित्र, दोन्ही व्हीजीजीसारख्या वस्तू ओळखायला शिकलेल्या नेटवर्कमधून जातात आणि आतल्या एखाद्या थरातली फीचर्स, म्हणजे त्या थराने टिपलेली वैशिष्ट्यं, ताडून पाहिली जातात. 2017 मध्ये सीव्हीपीआर या परिषदेत आलेल्या एसआरगॅन या सुपर-रिझोल्यूशन मॉडेलमध्ये हा थर बराच खोलचा होता. तिथे पोहोचेपर्यंत चार वेळा पूलिंग, म्हणजे शेजारच्या चार जागांची एक जागा करणं, झालेलं असतं, त्यामुळे शेजारच्या दोन जागांमध्ये मूळ चित्रातलं 16 पिक्सेलांचं अंतर असतं. पट्टे एका पिक्सेलने सरकले तर तिथे फारसा फरक पडत नाही, पण पट्ट्यांऐवजी करडा रंग आला तर मोठा पडतो. कौल फिरला.

पण या सैलपणाची किंमत आहे. अनेक वेगवेगळी चित्रं त्या थरात जवळजवळ सारखीच दिसतात, आणि त्यांतलं कुठलंही मॉडेलला चालतं. शिवाय चारांतली सर्वांत मोठी किंमत ठेवणाऱ्या मॅक्स पूलिंगमधून ग्रेडिएंट, म्हणजे चूक सुधारायची दिशा, उलटा येतो तेव्हा चार जागांपैकी एकीलाच मिळतो. अशा कारणांनी चित्रात बारीक जाळी उमटते. या लॉसवरच्या 2016 च्या जॉन्सन आणि सहकाऱ्यांच्या निबंधातही चित्र मोठं करून पाहिल्यावर आडवी-उभी नक्षी दिसते, अशी नोंद आहे.

मग येतो डिस्क्रिमिनेटर, म्हणजे खरं चित्र की मॉडेलने बनवलेलं हे ओळखायला शिकणारं दुसरं नेटवर्क. तो फक्त एवढंच विचारतो, हे चित्र खऱ्या फोटोंच्या कळपातलं वाटतं का? करड्या चौकोनाला तो लगेच पकडतो. पण नेहमीच्या एसआरगॅनमध्ये त्याच्यासमोर मूळ चित्र जोडीने ठेवलेलं नसतं, म्हणून हे *त्याच* कापडाचे पट्टे आहेत का, हा प्रश्न तो विचारूच शकत नाही. कापड, वीट, दूरची पानं, लहान अक्षरं आकसली की सारखीच करडी होतात. जनरेटरला, म्हणजे चित्र काढणाऱ्या मॉडेलला, काहीतरी निवडणं भाग असतं, आणि ज्या टेक्स्चरने डिस्क्रिमिनेटर बहुतेक वेळा फसतो ते तो निवडतो. म्हणून दूरच्या भिंतीवर गवत उगवतं आणि अक्षरांना केसाळ कडा येतात. भरीला ही झुंज कधी पूर्ण थांबत नाही. प्रशिक्षण जिथे थांबवलं, त्या क्षणी डिस्क्रिमिनेटरच्या नजरेतून सुटलेली एखादी गाठाळ, दोरखंडासारखी नक्षी मॉडेलमध्ये कायमची राहते. एसआरगॅनमध्ये डिस्क्रिमिनेटरला फसवण्याच्या या लॉसचं वजन 0.001 ठेवलं होतं, पण पिक्सेलचा लगाम नसला की तेवढंही पुरतं.

हे खोटं टेक्स्चर ओळखायचं कसं? बरेच जण निकालाचं चित्र पुन्हा चारपट लहान करून मूळ लहान चित्राशी ताडतात. रंग सरकले असतील तर ते यात सापडतं. आपले पट्टे मात्र उलटे असोत की सुलटे, लहान केल्यावर दोन्ही करडेच. ही चाचणी त्यांना निर्दोष सोडते. मला दुसरी चाचणी जास्त उपयोगी वाटते. लहान चित्रात किंचित गोंगाट मिसळून मॉडेल पुन्हा चालवा. नवा निकाल आधीच्या निकालावर ठेवा आणि वजाबाकी करा. डोळ्याला न कळणाऱ्या गोंगाटाने टेक्स्चर पार बदललं, तर त्याला चित्रात आधार नव्हता. टेक्स्चर स्थिर राहिलं तरी ते खरं असेलच असं नाही. जनरेटर एकच खोटं ठामपणे पुन्हा पुन्हा सांगू शकतो.

यावर एक तडजोड ईएसआरगॅनच्या, म्हणजे एसआरगॅनच्या सुधारित आवृत्तीच्या लेखकांनी 2018 मध्ये दिली. आधी पिक्सेल लॉसवर मॉडेल शिकवायचं, त्यावरूनच पुढे गॅनचं, म्हणजे डिस्क्रिमिनेटरशी झुंजवून शिकवलेलं मॉडेल घडवायचं, आणि दोघांची वजनं, म्हणजे आतले शिकलेले आकडे, हव्या त्या प्रमाणात मिसळायची. गवताळ डोंगराच्या फोटोला मी गॅनकडे झुकतं माप देईन. पण गाडीच्या नंबरप्लेटवर मला धूसर 8 चालेल, कारण तो 3 की 8 याची शंका वाचणाऱ्यापर्यंत पोहोचते. रेखीव 3 ती शंका पुसून टाकतो.