संध्याकाळच्या कामासाठी ईमेल: घड्याळातली वेळ लिहा

नमस्कार श्रोतेहो. कॉलेज सांभाळून संध्याकाळचं काम मागताना जो ईमेल लिहितात, त्याबद्दल आज बोलायचं आहे. बायोडेटा वेगळा. बायोडेटा ज्याला जोडून जातो, तो आठ-दहा ओळींचा मेल.

त्यात एक वाक्य हमखास असतं: ‘मला फ्लेक्झिबल टायमिंग हवं आहे.’ हे वाक्य काढून टाका. वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं, की ही मुलगी जमेल तेव्हा येणार. त्याऐवजी वेळ लिहा, घड्याळातली वेळ.

एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. सांगलीला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, जवळच्या खेड्यातून एसटीने ये-जा करते. टॅली शिकली आहे आणि एका कर सल्लागाराच्या ऑफिसात काम मागायचं आहे. तिच्या पहिल्या मेलमध्ये ‘मी मेहनती आहे, कोणतंही काम करीन, वेळ फ्लेक्झिबल असावी’ एवढंच होतं. उत्तर आलं नाही.

मग ती कागद घेऊन बसली. तास चारला संपतात. ऑफिस चालत वीस मिनिटांवर. म्हणजे साडेचारला पोचता येईल, पण तिने पाच लिहिलं. एखादा तास लांबतो, पाऊस येतो. साडेचार लिहून पावणेपाचला पोचणं वाईट दिसतं. परतीची शेवटची एसटी पावणेनऊची, म्हणून आठला निघायला हवं. (शेवटची गाडी तासभर उशिरा सोडली, तर गावोगावच्या कितीतरी मुलींना संध्याकाळचं काम धरता येईल. आगारांनी याचा विचार करायलाच हवा.) पाच ते आठ, रोजचे तीन तास, पाच दिवसांचे पंधरा. शनिवारी एक ते सहा, आणखी पाच. आठवड्याचे वीस तास.

आता ऑफिसची बाजू. दरमहा जीएसटी विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-1 ची मुदत 11 तारखेची आणि जीएसटीआर-3बी ची 20 तारखेची. त्याच्या आधीचे दोन-तीन दिवस तिथे मान वर करायला फुरसत नसते. नेमकं तेव्हाच थांबायला सांगतील आणि हिची तर गाडी चुकेल. ही अडचण तिने लपवली नाही, तिच्यावर तोड सुचवली. दुसरा मेल असा झाला:

‘नमस्कार सर, मी बी.कॉम. दुसऱ्या वर्षात शिकते. टॅली प्राइममध्ये खरेदी-विक्रीच्या नोंदी आणि बँकेचा ताळमेळ करता येतो. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी 5 ते 8 आणि शनिवारी 1 ते 6, असे आठवड्याला 20 तास येऊ शकते. शेवटच्या एसटीमुळे 8 नंतर थांबता येणार नाही. मात्र 11 आणि 20 तारखेच्या आधीच्या रविवारी सकाळी 10 ते 2 येईन. सत्र परीक्षेच्या काळात आठवड्याला 8 तासच जमतील. वेळापत्रक लागेल त्याच दिवशी तारखा कळवीन. आपण सांगाल त्या दिवशी संध्याकाळी 5 नंतर भेटायला येते.’

खाली पूर्ण नाव आणि मोबाइल नंबर. बस्स.

या मेलमध्ये फ्लेक्झिबल हा शब्द एकदाही नाही. पण कुठे सरकता येतं, कुठे नाही, दोन्ही लिहिलंय. पुन्हा सांगते: सरकता न येणारी वेळ कारणासकट लिहा आणि तिच्या बदल्यात काय देता येईल, तेही लगेच लिहा. परीक्षेचं पहिल्याच मेलमध्ये सांगा. रुजू झाल्यावर ऐन परीक्षेत सुट्टी मागितली, तर आपल्याला फसवलं असंच मालकाला वाटतं.

आणि हो, मालक मराठी असेल तर मेल मराठीत लिहा, देवनागरीत. त्यात कमीपणा कसला? पाठ केलेल्या इंग्रजीपेक्षा स्वतःची नीट मराठी कितीतरी बरी. फक्त फोनवरच्या युनिकोड कीबोर्डने टाइप करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर समोरच्याकडे अगम्य चिन्हांत उघडतो.

विषयाच्या ओळीत काम आणि वेळ आधी लिहा: ‘टॅली नोंदी, संध्याकाळी 5 ते 8, अर्ज’. फोनवर विषयाचे सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात. ‘आदरपूर्वक विनंती अर्ज’ लिहिलं, तर कामाचं काहीच दिसत नाही. बायोडेटा पीडीएफ करून मेललाच जोडा, फाइलला स्वतःचं नाव द्या. ड्राइव्हची लिंक दिली आणि परवानगी खुली करायची राहिली, तर समोर `Request access` येतं आणि कामाच्या गर्दीतला माणूस तिथेच मेल बंद करतो. समोरच्याचा पत्ता सगळ्यात शेवटी भरा, म्हणजे फाइल न जोडता मेल निघून जात नाही.

आणि अशा ऑफिसला मेल 10 किंवा 19 तारखेला पाठवू नका. 21 किंवा 22 ला सकाळी पाठवा. चार दिवसांत उत्तर आलं नाही, तर त्याच मेलखाली दोन ओळींत आठवण करा आणि वेळ पुन्हा लिहा: सोमवार ते शुक्रवार, 5 ते 8.